नेहमीच्या रक्ततपासणीत सापडलेला सीएलएल, स्मज पेशी आणि देखरेखीखालची प्रतीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजेच सीएलएल, हा रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर आढळणारा आणि बऱ्याचदा संथ गतीने वाढणारा कर्करोग आहे. पुढील उत्तरांमध्ये एकच उदाहरण वारंवार येईल. ते समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे, कोणा प्रत्यक्ष रुग्णाचे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ६२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेची सीबीसी तपासणी होते. हिमोग्लोबिन १३.४, प्लेटलेट २ लाख १० हजार, परंतु पांढऱ्या पेशी २४,६०० आणि त्यांत लिम्फोसाइट ७४ टक्के. बाईंना कसलाही त्रास नाही.

काहीच त्रास नसताना हा आजार कसा काय सापडतो?

सीएलएल बहुतेकदा असाच सापडतो: शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, विम्याची तपासणी, मधुमेहाच्या पाठपुराव्यात सहज केलेली सीबीसी. या आजारातील लिम्फोसाइट फार वेगाने विभागत नाहीत. त्या लवकर मरत नाहीत आणि वर्षानुवर्षे साचत जातात. लाल पेशी आणि प्लेटलेट तयार करणारी अस्थिमज्जा या काळात आपले काम बऱ्यापैकी करत असते, त्यामुळे शरीराला काही जाणवत नाही.

म्हणून असा अहवाल हाती आल्यावर पहिले काम नवी तपासणी करण्याचे नसून घरातील जुन्या अहवालांची फाइल शोधण्याचे आहे. आपल्या उदाहरणातील बाईंच्या दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात पांढऱ्या पेशी ११,८०० आणि लिम्फोसाइट ४८ टक्के होते. त्या वेळी "किरकोळ संसर्ग असेल" असे समजून तो अहवाल बाजूला पडला. आज तोच अहवाल सर्वांत उपयोगाचा आहे, कारण या आजारात एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील अंतर अधिक सांगते.

लिम्फोसाइटची टक्केवारी जास्त आली म्हणजे सीएलएल समजायचे का?

नाही. टक्केवारी फसवी असते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या तरी लिम्फोसाइटची टक्केवारी आपोआप वाढते. पाहायची ती प्रत्यक्ष संख्या, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्केवारी. बाईंच्या बाबतीत २४,६०० चे ७४ टक्के म्हणजे सुमारे १८,२०० लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर. दोन वर्षांपूर्वी हीच संख्या सुमारे ५,६६० होती.

विषाणुसंसर्गातही लिम्फोसाइट वाढतात, पण ते काही आठवड्यांत उतरतात. सीएलएल म्हणण्यासाठी एकाच मूळ पेशीपासून निपजलेल्या, म्हणजे एकाच वंशाच्या बी लिम्फोसाइटची संख्या रक्तात किमान तीन महिने ५,००० किंवा त्याहून अधिक असावी लागते. येथे बी हे अक्षर महत्त्वाचे आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील बहुसंख्य लिम्फोसाइट टी प्रकारच्या असतात आणि त्या मोजणीतून वगळाव्या लागतात. त्यामुळे बाईंच्या जुन्या अहवालातील ५,६६० पैकी एकवंशीय बी पेशी बहुधा ५,००० पेक्षा कमी असणार. गाठी नाहीत, पाणथरी वाढलेली नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उत्तम आहेत, अशा स्थितीत या पायरीला सीएलएल म्हणत नाहीत. तिला मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस असे वेगळे नाव आहे. या पायरीवरील अनेक जण आयुष्यभर तेथेच राहतात.

अहवालात "स्मज सेल दिसल्या" असे लिहिले आहे. या कसल्या पेशी?

त्या वेगळ्या जातीच्या पेशी नाहीत. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेने तो पसरवताना ज्या लिम्फोसाइट फुटल्या, त्यांचे हे अवशेष आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड दिसत नाही. जांभळट रंगाचा, पुसटलेला केंद्रकाचा डाग तेवढा दिसतो. जर्मन वैद्य फर्डिनांड गुम्प्रेख्ट यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून जुन्या पुस्तकांत त्या गुम्प्रेख्टच्या छाया या नावाने भेटतात.

सीएलएलमधील पेशी एवढ्या सहज का फुटतात, याचे कारण त्यांच्या आतील सांगाड्यात आहे. पेशीला ताण सोसता यावा म्हणून तिच्या आत प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते आणि त्यांतील एका तंतूचे प्रथिन आहे व्हायमेंटिन. ज्या रुग्णांच्या लिम्फोसाइटमध्ये व्हायमेंटिन कमी असते, त्यांच्या काचपट्टीवर फुटक्या पेशी अधिक दिसतात. रक्तात फिरताना या पेशी शाबूत असतात. त्या फुटतात ते काचेवर. पट्टी ओढण्यापूर्वी रक्तात थोडे अल्ब्युमिन मिसळले तर त्याच नमुन्यातील बहुतेक पेशी अखंड राहतात, यावरून हे स्पष्ट होते.

स्मज पेशी दिसल्या म्हणजे निदान झाले, असेही नाही. नमुना नळीत बराच वेळ पडून राहिला, पट्टी ओढताना हात जड पडला किंवा विषाणुसंसर्गामुळे लिम्फोसाइट नाजूक झाल्या, तरी थोड्याफार स्मज पेशी दिसतात. साठीच्या माणसात लिम्फोसाइटची संख्या टिकून वाढलेली आहे, पेशी लहान आणि एकसारख्या आहेत आणि भोवती स्मज पेशींची गर्दी आहे, हे सगळे एकत्र आले की अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या मनात सीएलएलचा संशय पक्का होतो.

यंत्राच्या आणि हाताने केलेल्या मोजणीत फरक का येतो?

त्याचे कारण बऱ्याचदा याच स्मज पेशी असतात. यंत्र द्रवातील पेशी मोजते, तेथे त्या फुटलेल्या नसतात. काचपट्टीवर मोजणाऱ्याने मात्र फुटक्या पेशी सोडून दिल्या तर हिशेब चुकतो. बाईंच्या पट्टीवर १०० अखंड पांढऱ्या पेशी मोजल्या, त्यांत ६२ लिम्फोसाइट आणि ३८ इतर पेशी, बहुतांश न्यूट्रोफिल, निघाल्या. याच भागात ४५ स्मज पेशीही होत्या. त्या सोडल्या तर लिम्फोसाइट ६२ टक्के ठरतात. त्या मूळच्या लिम्फोसाइटच असल्याने धरल्या, तर १४५ पैकी १०७, म्हणजे जवळपास ७४ टक्के, आणि हा आकडा यंत्राशी जुळतो.

फरक केवळ कागदावरचा नाही. पहिल्या पद्धतीने लिम्फोसाइट सुमारे १५,२५० येतात, दुसऱ्या पद्धतीने १८,२००. एका खेपेला एका प्रयोगशाळेने स्मज पेशी सोडल्या आणि पुढच्या खेपेला दुसरीने धरल्या, तर आजार तीन महिन्यांत वाढल्याचा आभास निर्माण होईल. त्यामुळे पाठपुराव्याच्या तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात आणि अहवालात लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या लिहिलेली आहे ना, हे पाहावे.

स्मज पेशी जास्त असणे वाईट आहे का?

वाचणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण निष्कर्ष उलटा निघाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निदानाच्या वेळी ज्यांच्या लिम्फोसाइटपैकी ३० टक्क्यांहून अधिक स्मज होत्या, ते रुग्ण अधिक काळ जगले आणि त्यांना उपचारांची गरज उशिरा लागली. बाईंच्या पट्टीवर १०७ पैकी ४५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. तरीही या आकड्यावरून कोणी उपचाराचा निर्णय घेत नाही, कारण पट्टी कोणी आणि कशी ओढली यावर तो बराच अवलंबून असतो.

निदान पक्के कशाने होते? अस्थिमज्जेची तपासणी करावी लागते का?

फ्लो सायटोमेट्री ही रक्ताचीच तपासणी निदानाला पुरेशी असते. तिच्यात पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा पाहिल्या जातात. सीएलएलच्या पेशींवर बी पेशीची सीडी१९ ही खूण असते, त्याबरोबर एरवी टी पेशींवर आढळणारी सीडी५ असते, तसेच सीडी२३ आणि सीडी२०० असतात. सीडी२० मात्र फिकट असते. या पेशी कॅप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकाच प्रकारची प्रतिपिंडाची साखळी वाहतात, आणि त्यावरून त्या एकाच वंशाच्या असल्याचे कळते.

ही तपासणी टाळून केवळ काचपट्टीवर निदान करू नये, याचे ठोस कारण आहे. मँटल सेल लिम्फोमा या बहुधा अधिक आक्रमक आजारातही सीडी५ असते, पण सीडी२३ आणि सीडी२०० बहुधा नसतात. दोन्ही आजारांची वागणूक आणि उपचार वेगळे आहेत. साध्या सीएलएलच्या निदानासाठी अस्थिमज्जा काढण्याची किंवा सीटी स्कॅन करण्याची सहसा गरज नसते. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट का उतरल्या हे कळत नसेल, तेव्हा मज्जेची तपासणी उपयोगी पडते.

आजाराचा टप्पा कसा ठरतो?

हाताने केलेली तपासणी आणि सीबीसी, एवढ्यावरच. भारतात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. केवळ लिम्फोसाइट वाढलेल्या असतील तर टप्पा शून्य. मान, काख किंवा जांघेत गाठी असतील तर एक. पाणथरी किंवा यकृत वाढले असेल तर दोन. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर तीन. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर चार. या वर्गवारीत लिम्फोसाइटची संख्या किती मोठी आहे, याला स्थानच नाही. आपल्या उदाहरणातील बाई टप्पा शून्यमध्ये बसतात.

कर्करोग आहे, तर लगेच उपचार का करत नाहीत?

हा प्रश्न बहुतेक कुटुंबे सर्वांत आधी विचारतात आणि "वाट पाहू" या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात लवकर शोध आणि लवकर उपचार यांमुळे जीव वाचतो, हे आपण ऐकलेले असते. तेथे गाठ पसरण्यापूर्वी काढून टाकता येते. सीएलएल मात्र पहिल्या दिवसापासून रक्तात आणि मज्जेत असतो, त्यामुळे पसरण्यापूर्वी गाठायचे असे त्यात काही उरत नाही. आजची औषधे आजार वर्षानुवर्षे दाबून ठेवतात, परंतु तो समूळ गेल्याची खात्री सहसा देत नाहीत. म्हणून खरा प्रश्न असा होतो की दाबणारे औषध आज दिल्याने माणूस अधिक जगतो का.

हे प्रत्यक्ष तपासले गेले आहे. फ्रान्समधील संशोधकांच्या सहकारी गटाने दोन अभ्यासांत सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाला क्लोरॅम्ब्युसिल हे त्या काळचे औषध लगेच दिले आणि दुसऱ्याला आजार वाढेपर्यंत दिले नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने आजाराची वाढ लांबली, पण आयुष्य वाढले नाही. पहिल्या अभ्यासातील औषध न दिलेल्या गटात ११ वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यानंतरही ४९ टक्के रुग्णांचा आजार पुढच्या टप्प्यात गेला नव्हता आणि त्यांना उपचार लागले नव्हते. जवळपास निम्म्या लोकांना आपण विनाकारण औषध दिले असते, असा याचा अर्थ होतो.

"तेव्हाची औषधे जुनी होती" हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच नव्या औषधांवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. जर्मनीतील गटाने सीएलएल१२ या अभ्यासात, आजार वाढण्याचा धोका अधिक असलेल्या पण त्रास नसलेल्या रुग्णांना आयब्रुटिनिब किंवा बिनऔषधाची गोळी दिली. औषधाने आजाराची वाढ निश्चितच लांबवली. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, रक्तस्राव व रक्तदाब यांचा त्रास औषध घेणाऱ्यांत अधिक दिसला. त्रास नसलेल्या माणसाला औषधाचा त्रास द्यायचा आणि आयुष्य तेवढेच राहायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. याच्या जोडीला, औषध उशिरा सुरू करणाऱ्याला मधल्या वर्षांत आलेल्या अधिक चांगल्या औषधांचा लाभ मिळतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सीएलएलच्या उपचारांत असेच घडले आहे.

मग उपचार नेमके कधी सुरू करतात?

आजाराने मज्जेची जागा व्यापल्यामुळे हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरू लागल्या, तेव्हा. पाणथरी बरगडीखाली सहा सेंटिमीटरहून अधिक वाढली किंवा गाठी दहा सेंटिमीटरच्या झाल्या, किंवा त्यांच्यामुळे त्रास होऊ लागला, तेव्हा. सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटले, महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम येत राहिला किंवा संसर्गाशिवाय दोन आठवडे ताप टिकला, तेव्हाही. लिम्फोसाइट फार वेगाने वाढणे हेही एक कारण आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हिमोग्लोबिन उतरल्यावर मात्र घाई करू नये. समजा तीन वर्षांनी बाईंचे हिमोग्लोबिन १३.४ वरून ९.६ झाले. मज्जा भरली, हे एक कारण असू शकते. परंतु सीएलएलमध्ये शरीर स्वतःच्या लाल पेशींवर प्रतिपिंडांचा मारा करते, असेही काही रुग्णांत घडते. तेव्हा लाल पेशींवरील प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्स तपासणी होकारार्थी येते, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी आणि बिलिरुबिन वाढतात आणि पहिला उपचार स्टेरॉइडचा असतो, सीएलएलच्या औषधांचा नव्हे. तिसरी शक्यता अगदी साधी आहे: मूळव्याधीतून रक्त जाऊन लोह घटलेले असणे किंवा शाकाहारी आहारामुळे बी१२ कमी पडलेले असणे. तीनही शक्यता तपासल्याशिवाय "टप्पा तीन झाला" असे म्हणणे चुकीचे आहे.

पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या तर?

तीव्र ल्युकेमियात एवढ्या संख्येने रक्त दाटून मेंदूला आणि फुप्फुसांना धोका होतो, म्हणून हा आकडा ऐकून धास्ती बसते. सीएलएलच्या लिम्फोसाइट लहान असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत सहसा अडकत नाहीत. दीड-दोन लाख पेशी असूनही नेहमीप्रमाणे कामाला जाणारे रुग्ण हिमॅटॉलॉजिस्टच्या परिचयाचे असतात. केवळ संख्या मोठी आहे म्हणून उपचार सुरू करत नाहीत.

संख्या किती वेगाने वाढते हे कसे पाहावे?

लिम्फोसाइट दुप्पट होण्यास लागणारा काळ हे माप आहे. तो सहा महिन्यांहून कमी असेल, किंवा दोन महिन्यांत संख्या निम्म्याहून अधिक वाढली असेल, तर डॉक्टर सावध होतात. बाईंची संख्या दोन वर्षांत ५,६६० वरून १८,२०० वर गेली; हिशेब केला तर दुप्पट होण्याचा काळ सुमारे १४ महिने येतो. त्यानंतरच्या वर्षात ती २४,९०० झाली, म्हणजे हाच काळ २६ महिन्यांवर गेला. वेग स्थिर राहतोच असे नाही, म्हणून दोन अहवालांवर न थांबता काही महिन्यांच्या अनेक नोंदी पाहाव्या लागतात.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. संख्या ३०,००० च्या खाली असताना केवळ दुप्पट होण्याच्या काळावरून उपचार ठरवत नाहीत. आणि सर्दी-खोकला, न्यूमोनिया किंवा स्टेरॉइड यांनी लिम्फोसाइट तात्पुरत्या उसळतात; अशी नोंद हिशेबात धरू नये, आजार ओसरल्यावर तपासणी पुन्हा करावी.

तपासणी किती दिवसांनी करायची?

पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि गाठींची व पाणथरीची हाताने तपासणी करतात. वेग कमी आहे असे दिसले की सहा किंवा बारा महिन्यांचे अंतर चालते. दर भेटीला सीटी किंवा पेट स्कॅन करण्याने निर्णय बदलत नाही.

गाठी, ताप आणि घाम हे क्षयाचेही लक्षण नाही का?

आहे, आणि महाराष्ट्रात ही शंका नेहमी मनात ठेवावी लागते. सीएलएलच्या गाठी सहसा रबरासारख्या, न दुखणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना असतात. एकच गाठ इतरांपेक्षा वेगाने वाढू लागली, तिच्याबरोबर ताप आला आणि रक्तातील एलडीएच हे विकर चढले, तर तिचा तुकडा काढून तपासावाच लागतो. त्यातून क्षय निघू शकतो, किंवा सीएलएलचे आक्रमक लिम्फोमात झालेले रूपांतर, ज्याला रिख्टर रूपांतर म्हणतात, तेही निघू शकते. तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू करून पाहण्यात मौल्यवान महिने जातात.

प्रतीक्षेच्या काळात आपण काही करायचे असते का?

लसी घ्यायच्या असतात. सीएलएलमध्ये प्रतिपिंडे कमी पडतात आणि संसर्ग हे या रुग्णांच्या आजारपणाचे मोठे कारण असते. लसीला प्रतिसादही आजार लवकरच्या टप्प्यात असताना तुलनेने बरा मिळतो, म्हणून न्यूमोकोकसची लस, दरवर्षीची फ्लूची लस आणि नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस यांविषयी निदानानंतर लगेच डॉक्टरांशी बोलावे. जिवंत विषाणूंच्या लसी टाळाव्यात. आफ्रिकेच्या प्रवासासाठी लागणारी पीतज्वराची लस त्यांपैकीच आहे.

प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी आणून दिलेल्या काढ्यांबाबत सावध राहावे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. लिम्फोसाइट हा रोगप्रतिकार यंत्रणेचाच भाग असताना त्या यंत्रणेला अंदाजपंचे चेतवण्यात शहाणपण नाही.

पोटॅशियम फार वाढलेले आले, पण मला काहीच होत नाही. असे का?

येथे पेशींचा तोच ठिसूळपणा पुन्हा आड येतो. पांढऱ्या पेशी खूप असतील आणि नमुना जोरात हलला, घट्ट पट्टा बांधून ओढला गेला किंवा नळी बराच वेळ पडून राहिली, तर पेशी नळीतच फुटतात आणि त्यांतील पोटॅशियम बाहेर येते. शरीरातील पोटॅशियम मात्र सामान्य असते. ईसीजी सामान्य असेल तर काळजीपूर्वक घेतलेला नमुना तातडीने पुन्हा तपासावा. पोटॅशियम खरोखर वाढले आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवल्यावरच ते उतरवण्याचे औषध घ्यावे.

जनुकीय तपासण्या आत्ताच करून घ्याव्यात का?

त्यांच्यामुळे आज उपचार सुरू होणार नाहीत, म्हणून खर्चाचा विचार करून त्या पुढे ढकलल्या तरी चालते. आजार साधारण किती वेगाने जाईल याचा अंदाज हवा असेल, तर आयजीएचव्ही जनुकातील बदलांची तपासणी उपयोगी आहे. बदल असतील तर आजार सहसा संथ असतो, आणि हा निष्कर्ष पुढे बदलत नसल्याने ती एकदाच करावी लागते. टीपी५३ जनुक आणि १७व्या गुणसूत्राचा तुटलेला भाग यांची गोष्ट वेगळी आहे. हे दोष नंतरही उद्भवतात आणि ते असल्यास जुन्या पद्धतीची केमोथेरपी निरुपयोगी ठरते, म्हणून आधी केलेली असली तरी ही तपासणी प्रत्येक उपचार सुरू करण्यापूर्वी पुन्हा करावी लागते.